एका दिवसात, एकट्याने ६० बिझनेस आयडिया काढायच्या आणि त्यातून ३ निवडायच्या, पण कशा?

"धंदा करायचाय, पण कुठला ते सुचत नाही."

हे वाक्य तुम्ही कट्ट्यावर ऐकलं असेल, कदाचित स्वतःही म्हटलं असेल. यावर सहसा मिळणारा सल्ला म्हणजे चार मित्र गोळा करा, चहा मागवा आणि चर्चा करा. दोन तासांनी चहाचं बिल होतं, पाच-सहा आयडिया निघतात आणि त्यातल्या तीन कॅफेच्या असतात.

घोळक्यात बसून आयडिया काढायची ही पद्धत, म्हणजे ब्रेनस्टॉर्मिंग, अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न या जाहिरातवाल्याने लोकप्रिय केली. पण १९५८ साली येल विद्यापीठात तिची परीक्षा झाली. चौघांचा गट एकत्र बसवला आणि दुसरीकडे चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या आयडियांची बेरीज केली. सारख्या आयडिया एकदाच मोजल्या. तरीही एकएकटे बसलेल्यांच्या आयडिया जास्त भरल्या. पुढे १९८७ साली डील आणि स्ट्रोबे या संशोधकांनी यामागचं एक मोठं कारण दाखवलं. एक जण बोलत असतो तेव्हा बाकीचे थांबलेले असतात, आणि थांबण्यात त्यांची आयडिया विरून जाते.

थोडक्यात, आयडिया काढायला एकटं बसणं ही अडचण नाही, उलट सोय आहे. फक्त दिवसाची आखणी नीट हवी. ती कशी करायची, ते एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघूया.

आधी उदाहरण ठरवू

समजा, तुम्ही पुण्यात सदाशिव पेठेत राहता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना तीन वर्षं मेसला जेवलात आणि नंतर वर्षभर ओळखीच्या मेसचा हिशेब सांभाळला. मेस साधारण १२० मेंबरची. आता स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय. हाताशी एक मोकळा शनिवार आहे. (उदाहरणातले सगळे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या भागातले वेगळे असतील.)

दिवसाचं वेळापत्रक असं :

- ८:३० ते ९:०० : चौकट ठरवणं
- ९:०० ते १०:३० : अडचणींची यादी, किमान ४०
- १०:४५ ते १२:४५ : आयडियांच्या तीन फेऱ्या, एकूण ६०
- १२:४५ ते २:१५ : जेवण आणि चालणं
- २:१५ ते ३:४५ : एकत्र करणं आणि चाळणी
- ४:०० ते ५:०० : तीन फोन
- ५:०० ते ६:१५ : पाच-पाच मिनिटांचे हिशेब
- ६:३० ते ७:१५ : शेवटची निवड

सामान म्हणाल तर आठ कोरे ए-फोर कागद. प्रत्येकाचे आठ तुकडे केले की ६४ चिठ्ठ्या होतात. एका चिठ्ठीवर एकच आयडिया. वहीत लिहिलं तर दुपारी ढीग करता येत नाहीत, म्हणून चिठ्ठ्या.

पहिला अर्धा तास : चौकट

एका कागदावर चार गोष्टी लिहा. मी कोणत्या लोकांना जवळून ओळखतो, माझ्याकडे किती पैसे आहेत, आठवड्याला किती तास आहेत, आणि मी काय अजिबात करणार नाही.

आपल्या उदाहरणात उत्तरं अशी : मेसचालक, मेसचे मेंबर आणि स्वयंपाकाच्या मावशी यांना ओळखतो. ३० हजार रुपये आहेत. आठवड्याला २५ तास आहेत. कर्ज काढणार नाही.

ही चौकट दुपारच्या चाळणीत कामाला येणार आहे. ती सकाळीच लिहायची, कारण दुपारी एखादी आयडिया आवडली की माणूस तिच्यासाठी चौकटच सैल करायला लागतो.

९ ते १०:३० : आयडिया नाही, अडचणी लिहा

इथे बहुतेकांची गाडी चुकते. लोक थेट "कुठला धंदा?" या प्रश्नावर बसतात. मग डोक्यात येतं ते आधीच पाहिलेलं असतं : कॅफे, टी-शर्ट, डिलिव्हरी अ‍ॅप. वाय कॉम्बिनेटर या स्टार्टअप संस्थेचे सहसंस्थापक पॉल ग्रॅहम यांनी २०१२ च्या एका निबंधात हेच मांडलंय की आयडिया शोधू नका, अडचणी शोधा, आणि त्याही शक्यतो स्वतः भोगलेल्या.

म्हणून दीड तास फक्त अडचणी. अट एकच, प्रत्येक ओळीत माणूस, वेळ आणि नुकसान दिसलं पाहिजे. "मेसमध्ये अन्न वाया जातं" ही अडचण नाही, तो निबंधाचा विषय झाला. "रात्री कितीजण जेवायला येणार हे मेसचालकाला संध्याकाळी पाचपर्यंत कळत नाही, म्हणून तो १२० जणांच्या पोळ्या लाटतो आणि वीसेक जण येत नाहीत" ही अडचण.

आपल्या उदाहरणात यादी अशी सुरू होईल :

- पोळ्या लाटणाऱ्या मावशी न सांगता आल्या नाहीत तर सकाळी नऊला मेसचालकाची धावपळ.
- रविवारी दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद. मेंबर वडापाववर भागवतात नाहीतर हॉटेलात दीडशे घालवतात.
- गावी गेलेल्या मेंबरचे किती खाडे धरायचे, यावरून महिनाअखेरीला वाद.
- दिवाळीत मेस बंद, पण परीक्षा जवळ असलेले काही मेंबर रूमवरच असतात.
- मेसचालक रोज स्वतः मार्केटयार्डात जातो, त्यात सकाळचे दोन तास जातात.

पहिल्या पंधरा ओळी पटापट येतात. मग अडकायला होतं. तेव्हा एका माणसाचा पूर्ण दिवस तासातासाने लिहा : मेसचालक पाचला उठला, मग काय, मग काय. नंतर मेंबरचा दिवस, नंतर मावशींचा. चाळिशी साधारण इथेच गाठली जाते.

आणि नाहीच गाठली तर? साडेदहाला कागदावर वीसच ओळी असतील आणि त्याही मोघम असतील, तर त्या क्षेत्राची तुम्हाला पुरेशी माहिती नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी दिवस तिथेच थांबवा. पुढचा आठवडाभर त्या जागी जाऊन बघा आणि पुढच्या शनिवारी परत बसा. अर्धवट यादीवर काढलेल्या ६० आयडिया ऐकीव निघतात.

१०:४५ ते १२:४५ : तीन फेऱ्या, ६० चिठ्ठ्या

प्रत्येक फेरी ३० मिनिटांची, मध्ये १० मिनिटं विश्रांती. एका फेरीत २० आयडिया, म्हणजे एका आयडियेला दीड मिनिट. चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहायच्या : कोणासाठी, काय करणार, पैसे कशाचे. "हे जमणार नाही" हा विचार आला तरी लिहायचं. जमतं की नाही हे ठरवायला अख्खी दुपार राखून ठेवलीय.

पहिली फेरी सरळ. अडचण घ्या, उपाय लिहा. रविवारी रात्री मेस बंद असते, तर रविवार रात्रीचा डबा. रात्री किती जण येणार ते कळत नाही, तर चार वाजता मेंबरना मेसेज करून हजेरी घेणं आणि मेसचालकाला आकडा देणं.

दुसरी फेरी उलटापालटीची. ऑसबॉर्नने प्रश्नांची एक यादी केली होती. १९७१ मध्ये बॉब एबर्ली यांनी ती आटोपशीर करून तिला स्कॅम्पर असं नाव दिलं. तिच्यातले चार प्रश्न आपल्याला पुरतात : एखादी गोष्ट बदलली तर? दोन गोष्टी जोडल्या तर? एखादा भाग काढून टाकला तर? उलटं केलं तर? "काढून टाका" या प्रश्नावर मेसमधून पोळी लाटणंच काढलं, तर उरतं पोळ्या बाहेरून पुरवणं. "जोडा" या प्रश्नावर चार मेसची भाजी मार्केटयार्डातून एकत्र आणणं, किंवा एका मेसचं कूपन दुसऱ्या मेसमध्ये चालवणं.

तिसरी फेरी सक्तीची. इथे स्वतःवर बंधनं घालायची. पाच आयडिया अशा की ज्यात मोबाइल नाही. पाच अशा की ज्यात गिऱ्हाईक मेंबर नसून स्वयंपाकाच्या मावशी आहेत. पाच अशा की ज्या वर्षातून फक्त दोन महिने चालतील. उरलेल्या पाच मोकळ्या.

तिसऱ्या फेरीत बहुतेकांना वाटतं की आता डोकं रिकामं झालं. या वाटण्यावर फार विश्वास ठेवू नका. ब्रायन लुकास आणि लॉरन नॉर्डग्रेन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच तपासलं होतं. वेळ जाईल तसं आपलं सुचणं घसरत जाईल असा लोकांचा अंदाज होता, प्रत्यक्षात तशी घसरण दिसली नाही. घसरण होतेय असं वाटल्यामुळे माणूस मध्येच उठतो, तोटा त्या उठण्याने होतो.

जेवा, चाला, फोन बाजूला

दीड तास. या वेळात चिठ्ठ्या बघायच्या नाहीत आणि कोणाला आयडिया सांगायच्याही नाहीत. मित्राने "भारी" म्हटलं की दुपारची निवड सकाळीच झालेली असते. वाटेत काही सुचलं तर राहिलेल्या चार चिठ्ठ्या आहेतच.

२:१५ ते ३:४५ : ढीग आणि चाळणी

आधी चिठ्ठ्या जमिनीवर मांडा आणि सारख्या असतील त्या एकत्र करा. ६० च्या साधारण ४० होतात. आपल्या उदाहरणात ४१ राहिल्या असं धरू.

आता एक तपासणी. ढीग बघा. अर्ध्याहून जास्त चिठ्ठ्या एकाच प्रकारच्या आहेत का, म्हणजे सगळीकडे अ‍ॅपच, किंवा सगळीकडे गिऱ्हाईक मेंबरच? तसं असेल तर दुर्लक्षित राहिलेल्या माणसाला धरून अजून १५ मिनिटांची एक फेरी करा. नाहीतर शेवटच्या तीन आयडिया म्हणजे एकाच आयडियेची तीन नावं ठरतात.

मग प्रत्येक चिठ्ठीला तीन प्रश्न. एकाचंही उत्तर "नाही" आलं की चिठ्ठी बाजूला.

१. या गिऱ्हाइकांपैकी पाच जणांना मी याच आठवड्यात भेटू शकतो का?
२. ते या अडचणीवर आजही पैसे किंवा वेळ घालवतात का?
३. सकाळच्या चौकटीत बसून, दोन आठवड्यांत आणि १० हजारांच्या आत याची छोटी चाचणी होईल का?

दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त चिठ्ठ्या उडवतो. उदाहरणार्थ "पुण्यातल्या सगळ्या मेसची माहिती देणारं अ‍ॅप". ऐकायला छान वाटतं. पण मेंबर मेस शोधतो वर्षातून एक-दोनदा, आणि तेही रूममेटला विचारून, फुकटात. ज्या मेसच्या जागा भरलेल्या आहेत तिला जाहिरात नको, आणि जिच्या रिकाम्या आहेत तिच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत. चिठ्ठी बाद.

या चाळणीतून ४१ पैकी १३ उरल्या असं समजू. ३५ उरल्या असतील तर तुम्ही "नाही" म्हणायला कचरताय. २ उरल्या असतील तर तिसऱ्या प्रश्नातली रक्कम किंवा मुदत फार आवळली गेलीय का, ते बघा.

४ ते ५ : तीन फोन

फोनची वेळ गिऱ्हाईक बघून ठरवा. मेसचालक चारला जरा निवांत असतो, सहाला फोन केला तर तो फोडणीला उभा असणार.

इथे एक नियम पाळायचा. "माझी आयडिया कशी वाटली?" हा प्रश्न विचारायचा नाही. रॉब फिट्झपॅट्रिक यांच्या 'द मॉम टेस्ट' या २०१३ च्या पुस्तकाचा मूळ मुद्दा हाच आहे. आयडिया सांगितली की समोरचा तुमचं मन राखायला चांगलंच बोलतो, म्हणून त्याला घडून गेलेलं विचारा.

"काका, गेल्या महिन्यात मावशी किती दिवस आल्या नाहीत? त्या दिवशी मग काय केलंत?"

समजा, एक काका म्हणाले, "तीन दिवस. एकदा पोळी-भाजी केंद्रातून आणल्या, दोनदा घरच्यांनीच लाटल्या." हे उत्तर मोलाचं आहे. तीनपैकी एकदाच खिशातून पैसे गेलेत. उरलेले दोन दिवस घरच्यांच्या फुकट कष्टांवर निभावलेत, आणि फुकट निभावतं तिथे पैसे काढून घेणं अवघड असतं. त्याच फोनवर "रात्री उरलेल्याचं काय करता?" असं विचारलं तर कळतं की वरण-भात उद्याच्या अंदाजात धरला जातो, खरा तोटा पोळ्या आणि भाजीचा.

५ ते ६:१५ : एका चिठ्ठीला पाच मिनिटं

१३ चिठ्ठ्यांना प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे तासाभराचं काम. एका गिऱ्हाइकामागे किती सुटतात, महिन्याला किती गिऱ्हाइकं, गुणाकार. बास. यातले तीन हिशेब बघू.

रविवार रात्रीचा डबा : किंमत ९० रुपये, सामान ४५, मजुरी आणि पोहोच १५. सुटले ३०. दर रविवारी ६० डबे आणि चार रविवार, म्हणजे ७,२०० रुपये. रक्कम लहान, पण त्याच संध्याकाळी मेसचं स्वयंपाकघर रिकामं असतं, त्यामुळे भांडवल जवळपास लागत नाही. ते स्वयंपाकघर वापरायचं तर मेसचालकाची परवानगी आणि एफएसएसएआयची नोंदणी मात्र बघावी लागेल.

हजेरीची सेवा : रात्री २० जण येत नाहीत. एका ताटाचं सामान ३० रुपयांचं, पण फोनवरून कळलं की साधारण निम्मंच वाया जातं. म्हणजे रोज ३०० रुपये आणि महिन्याच्या २६ रात्रींचे ७,८००. आपल्या मेसेजमुळे निम्मे गैरहजर आधी कळले तर मेसचालकाचे ३,९०० वाचतात. त्यातून ५०० रुपये मागणं पटण्यासारखं आहे. ३० मेस मिळाल्या तर १५,०००.

पोळ्यांचा पुरवठा : मावशी आल्या नाहीत तर एका वेळेला १२० गुणिले ४, म्हणजे ४८० पोळ्या लागतात. महिन्यात तीन दिवस, दोन्ही वेळा, पाच मेस. एकूण १४,४०० पोळ्या, पोळीमागे एक रुपया सुटला तर १४,४०० रुपये. पण कोणत्या सकाळी कोणाचा फोन येणार हे माहीत नाही, आणि तेवढे हात रोज तयार ठेवले तर मजुरीतच सगळं जाईल. तेच प्रत्येक मेसला रोज ठरलेल्या १०० पोळ्या दिल्या तर पाच मेस आणि २६ दिवसांचे १३,००० होतात. पैसे जवळपास तेवढेच, पण काम ठरलेलं. म्हणजे पाच मिनिटांच्या हिशेबाने आयडियाच बदलली : अडीअडचणीची पोळी नाही, रोजची पोळी.

आकड्यांत जे स्पष्टपणे पडतात ते बाजूला करा आणि सहा ठेवा.

६:३० ते ७:१५ : दहापैकी गुण देऊ नका

शेवटी लोक तक्ता काढतात : मागणीला ८, नफ्याला ७, आवडीला ९. यात गडबड अशी की सगळ्यांची बेरीज २३ ते २५ मध्ये येते, आणि लाडकी आयडिया मागे पडली की माणूस एखाद्या ७ चा ८ करतो.

त्यापेक्षा जोड्या लावा. सहा चिठ्ठ्यांच्या १५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न : सोमवारी यातली एकच करायची असेल तर कोणती? जिंकली तिच्यावर एक रेघ. एका जोडीला दोन मिनिटं, अर्ध्या तासात काम होतं.

आपल्या उदाहरणातला निकाल असा धरू : रविवारचा डबा ४, हजेरी ४, दिवाळीतला डबा ३, रोजची पोळी २, एकत्र भाजी १, कूपन १.

पहिल्या तीन उचलायच्या का? थांबा. प्रत्येक आयडिया एखाद्या गृहीतकावर उभी असते. रविवारचा डबा आणि दिवाळीतला डबा एकाच गृहीतकावर उभे आहेत : मेस बंद असताना मेंबर आगाऊ पैसे देऊन डबा घेतील. ते खोटं निघालं तर दोन्ही एकदम कोसळतात. म्हणून दिवाळीचा डबा रविवारच्या चिठ्ठीला टाचणीने जोडा आणि रोजची पोळी वर घ्या.

हाती काय आलं?

तीन चिठ्ठ्या. प्रत्येकीच्या मागे तिचं गृहीतक, चाचणी आणि ती कधी सोडून द्यायची तो आकडा लिहा.

रविवारचा डबा : मेंबर आधी पैसे देतील. शुक्रवारपर्यंत २० जणांकडून पैसे घेऊन बघा. १० पेक्षा कमी आले तर सोडा.

हजेरी : मेंबर वेळेत कळवतील. एका मेसमध्ये आठवडाभर हाताने मेसेज करा, सॉफ्टवेअर नको. निम्म्याहून कमी मेंबरनी उत्तर दिलं तर सोडा.

रोजची पोळी : मेसचालक बाहेरची पोळी ताटात वाढेल. पोळी-भाजी केंद्रातून १०० पोळ्या विकत आणून तीन मेसना द्या आणि पुढच्या दिवसाची ऑर्डर मागा. एकानेही दिली नाही तर सोडा.

सोडायचा आकडा शनिवारीच लिहायचा, कारण चाचणी सुरू झाल्यावर ७ मेंबरही बरेच वाटायला लागतात.

आणि एक लक्षात असू द्या. या दिवसाने कोणतीही आयडिया सिद्ध होत नाही. तीन फोन म्हणजे बाजारपेठ नव्हे, आणि पाच मिनिटांच्या हिशेबात भाडं, उधारी आणि तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही. कोणती गोष्ट आधी तपासायची, एवढंच या दिवसातून ठरतं. तिन्ही चिठ्ठ्या पडल्या तर उरलेल्या दहा फेकू नका, पाकिटात घालून वर तारीख लिहा. चाचणी करताना मेसचालकांशी जे बोलणं होईल त्यातून अडचणींची नवी यादी मिळते, आणि पुढच्या वेळी नऊ वाजता कागद कोरा नसतो.